आधी दाखवा, मग पाजा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत सरकारी रुग्णालयातल्या एका वॉर्ड-सिस्टरांनी केलेलं भाषण. ज्या तायांना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचत गटाच्या बैठकीत सिस्टरचं काय काम, असं कुणाला वाटलं असेल. सांगते. नंदुरबारच्या कुठल्याही सरकारी वॉर्डात दुपारी चार वाजता या. पेशंटच्या उशाशी डबा दिसेल आणि डब्याशेजारी एक बाटली दिसेल. आत हिरवं, तपकिरी, काळपट असं काहीतरी पेय असतं. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा, कुठूनही आलेली माणसं असोत, बाटली असतेच. आणि ती बाटली घरातली बाईच आणते. झाडपाला तीच तोडते, तीच उकळते, तीच गाळते. म्हणून हे बोलणं तुमच्याशीच करायचं आहे.

आमच्या वॉर्डात येणाऱ्या घरच्यांसाठी मी एक पत्र लिहिलं आहे. ते आधी वाचून दाखवते, मग त्यामागचं कारण सांगते.

"पेशंटच्या घरच्यांना नमस्कार.

तुम्ही घरून काढा, रस, पाल्याचं पाणी किंवा जडीबुटी आणली असेल तर पेशंटला पाजण्याआधी ड्युटीवरच्या सिस्टरला दाखवा. चार गोष्टी सांगा. कशाचं आहे? झाडाचा कोणता भाग आहे, पान, साल, मूळ की वेल? किती आणि किती वेळा देता? कधीपासून देता? शक्य असेल तर त्या झाडाची पान असलेली एक फांदी सोबत आणा. भगताने किंवा वैदूने पुडी दिली असेल तर पुडीच आणा, नाव माहीत नसलं तरी चालेल.

आधीच पाजलं असेल तरी सांगा. कुणी रागावणार नाही, बाटली फेकणार नाही, पेशंटला घरी पाठवणार नाही. सांगितलं तर आम्ही ते केसपेपरवर लिहू आणि डॉक्टर त्याप्रमाणे औषध ठरवतील."

पत्र एवढंच आहे. आता तुम्ही विचाराल, आमच्या आज्या-पणज्या हाच पाला देत आल्या, त्याने कुणाचं काय बिघडलं? प्रश्न बरोबर आहे. घरात ताप आला, खोकला झाला, तेव्हा पोटात तो एकच काढा जात होता. वॉर्डात तसं नसतं. इथे सलाईन चालू असते, इंजेक्शन असतं, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या असतात. आणि झाडपाल्यात ताकद आहे म्हणूनच तर तुम्ही तो देता ना? ज्याच्यात ताकद आहे, ते दुसऱ्या औषधाशी जुळूही शकतं आणि भिडूही शकतं. म्हणून आम्हाला तो दिसायला हवा.

गुळवेलीचंच उदाहरण घेऊ, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची. कडुनिंबावर चढलेली गुळवेल चांगली, असं आपण मानतो. कोरोनाच्या वर्षी, 2020 साली, घरोघरी तिचा काढा सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे 6 पेशंट आले. सगळ्यांच्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, सूज होती. विचारपूस केल्यावर कळलं की सगळेच गुळवेल घेत होते. डॉक्टरांनी 2021 मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं. पुढे 2022 मध्ये देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या डॉक्टरांनी मिळून अशा 43 पेशंटची माहिती छापली. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी होती. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. दीड महिन्याने डोळे पिवळे झाले तर काढ्याची आठवण कुणाला येणार?

यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी तिच्या जातीतली दुसरी वेल वापरली गेली असेल, पक्की ओळख पटवल्याशिवाय गुळवेलीला दोष देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. हा वाद आपण इथे बसून मिटवणार नाही. पण दोन्ही बाजूंचं बोलणं नीट ऐकलं तर आपल्या कामाची गोष्ट एकच निघते. वेल कोणती ते पाहायला हवं. उकळून गाळलेल्या काढ्यात ते कुणालाच ओळखता येत नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून पत्रात लिहिलं की पान असलेली फांदी आणा. फांदी असली तर आयुर्वेदाच्या डॉक्टरांना दाखवता येते. आणि लाखो लोकांनी गुळवेल घेतली, त्यातल्या थोड्यांनाच त्रास झाला, हेही खरं आहे. पण ते थोडे कोण असणार हे आधी कळत नाही. ज्याच्या लिव्हरवर आधीच भार आहे, त्याच्या बाबतीत जास्त जपावं लागतं.

असा भार असलेला पेशंट आपल्या भागात कोण? टीबीचा. टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. त्यातली तीन औषधं, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, लिव्हरला जड जाऊ शकतात. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एवढं लक्षात ठेवा की नुसत्या या गोळ्यांनीही काही जणांना कावीळ होते. आता त्यात काढा मिसळला की काय गुंता होतो, ते एका उदाहरणाने सांगते. ही कुणी खरी बाई नाही, समजण्यासाठी घेतली आहे.

तिशीतली एक ताई आहे. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला रक्त तपासलं, त्यात लिव्हरची एसजीपीटी नावाची तपासणी 32 आली. साधारण 40 पर्यंत चालते, म्हणजे सगळं ठीक. ताई अशक्त होती म्हणून सासूबाईंनी रोज सकाळी अर्धा ग्लास गुळवेलीचा काढा सुरू केला. मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. सहाव्या आठवड्यात ताईला मळमळ सुरू झाली, भाकरी नकोशी झाली, मग डोळे पिवळे दिसले. तपासणी केली तर एसजीपीटी 310.

अशा वेळी डॉक्टर लिव्हरला जड जाणाऱ्या टीबीच्या गोळ्या थांबवतात. मग लिव्हर शांत होण्याची वाट बघतात. तो आकडा खाली आला, म्हणजे 80 च्या आत आला, की गोळ्या एकदम सगळ्या देत नाहीत. आधी एक सुरू करतात, काही दिवस थांबतात, रक्त तपासतात. ठीक असलं तर दुसरी. असं एकेक करत शोधतात की कोणत्या गोळीने त्रास झाला. तांदळात खडा शोधावा तसं हे काम आहे.

आता सासूबाईंनी काढ्याचं सांगितलं असेल, तर पहिल्याच दिवशी गोळ्याही थांबतात आणि काढाही थांबतो. आकडा खाली येतो. मग एकेक गोळी परत सुरू होते आणि काढा पुन्हा येत नाही. शोध सरळ चालतो.

आणि सांगितलं नसेल तर? घरचे म्हणतात, कावीळ झाली, आता काढा जास्त द्यायला हवा. गोळ्या बंद, काढा दुप्पट. आकडा उतरत नाही. डॉक्टरांना कळत नाही की गोळ्या थांबवूनही लिव्हर का शांत होत नाही. किंवा असं होतं, वॉर्डात काढा मिळाला नाही म्हणून आकडा उतरला, एक गोळी सुरू केली, त्याच दिवशी भेटायला आलेल्यांनी पुन्हा काढा पाजला आणि आकडा पुन्हा चढला. दोष कुणावर जाणार? त्या गोळीवर. समजा ती रिफाम्पिसिन असली. टीबीवरचं ते फार महत्त्वाचं औषध. ते कायमचं बंद झालं तर सहा महिन्यांचा इलाज वर्षभर, कधी त्याहूनही लांबतो. आणि इलाज थांबलेला असतो त्या दिवसांत टीबीचे जंतू काही थांबत नाहीत. खोकल्यातून घरातल्या लेकरांनाही धोका राहतो.

काढ्याने कावीळ झाली असं मी म्हणत नाही, हे नीट ऐका. गोळ्यांनीही झाली असेल. पण दोन्ही गोष्टी समोर मांडल्याशिवाय कशाने झाली ते शोधता येत नाही.

कावीळ कशी ओळखायची, तेही सांगते, कारण इथे बाया घाबरतात. रिफाम्पिसिनची गोळी घेतल्यावर काही तासांनी लघवी लालसर-नारंगी होते. ती औषधाची रंगत आहे, तिला घाबरून गोळ्या बंद करू नका. पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला पाहिजे. दिवसाच्या उजेडात, बाहेर ओट्यावर बसवून, खालची पापणी थोडी ओढून बघा. बल्बच्या पिवळ्या उजेडात कळत नाही. डोळा पिवळा दिसला, जेवण नको झालं, सारखी मळमळ किंवा उलटी होऊ लागली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर गोळ्या आणि काढा दोन्हींची माहिती घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात या. पुढच्या तारखेची वाट बघू नका.

इथे सिकलसेलच्या पेशंटबद्दल एक शब्द. आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी आहेत. त्यांचे डोळे बऱ्याचदा थोडे पिवळसर असतात. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून तो पिवळा रंग येतो. घरचे मात्र कावीळ झाली म्हणून कावीळीची जडीबुटी देतात. पेशी फुटायचं काही तिने थांबत नाही, लिव्हरवर मात्र नवा भार पडू शकतो. म्हणून सिकलसेलच्या पेशंटचे डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसले तर काढा करण्याआधी दवाखाना.

आता बाळंतपणाच्या खोलीकडे वळू. इथे कारण वेगळं आहे आणि वेळही हातात फार थोडा असतो.

कळा मंद असल्या की घरची मोठी बाई बाहेरून गरम काढा किंवा एरंडेल आणते. लवकर मोकळी होईल, असा विचार. आत काय चाललेलं असतं? कळा वाढवायची गरज असेल तर डॉक्टर सलाईनमधून ऑक्सिटोसिन नावाचं औषध थेंब-थेंब देतात. आम्ही पोटावर हात ठेवून बसतो आणि दहा मिनिटांत किती कळा आल्या ते मोजतो. तीन-चार चांगल्या कळा आल्या की थेंब वाढवायचे नाहीत. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा यायला लागल्या तर ते धोक्याचं. दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल पडतं, तेव्हाच बाळाला पुरेसं रक्त पोचतं. ते सैल पडलंच नाही तर बाळ गुदमरतं. म्हणून आम्ही बाळाचे ठोकेही ऐकत राहतो. मिनिटाला 110 ते 160 असावेत. आधी सिझर झालेली बाई असेल तर जास्त जोराच्या कळांनी जुना टाका फाटू शकतो.

आता नीट बघा. कळा जास्त झाल्या तर सलाईनची कळ फिरवून आम्ही ती बंद करतो. काही मिनिटांत जोर उतरायला लागतो. पण पोटात गेलेला काढा? त्याला कळ नाही. तो किती वेळ काम करणार, त्यात किती जोर आहे, हे कुणालाच माहीत नसतं. एका मुठीच्या पाल्याचा काढा आज पातळ, उद्या घट्ट. सलाईन बंद करूनही कळा थांबल्या नाहीत तर आम्ही बुचकळ्यात पडतो आणि तेवढी मिनिटं बाळाची जातात. तेच आधी कुणी सांगितलं असेल की तासाभरापूर्वी काढा पाजला आहे, तर डॉक्टर ऑक्सिटोसिन सुरू करताना थांबतील, आधी नुसत्या कळा मोजतील. म्हणून बाळंतपणाच्या खोलीत दाखवण्याचाही प्रश्न नाही. तिथे कळा वाढवण्यासाठी घरचं काहीही पाजू नका आणि घरून निघताना पाजलं असेल तर दारातच सांगा. वाटेत आशाताईला किंवा एकशे आठच्या गाडीत सांगितलं तरी चालेल, ती पुढे निरोप देईल.

साखरेच्या पेशंटचं थोडक्यात. कारल्याचा रस किंवा गुडमारची पानं साखर कमी करतात म्हणून दिली जातात. वॉर्डात इन्सुलिनही तेच करतं. इन्सुलिन किती द्यायचं हे आम्ही बोटाला सुई टोचून आलेल्या आकड्यावरून ठरवतो. मधूनच रस गेला तर दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते. 70 च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, धडधडतं, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं. तसं दिसलं की लगेच सिस्टरला हाक मारा. घरी असाल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर पाण्यात तीन लहान चमचे साखर घालून पाजा आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासाच्या नळीत जातं.

बाटली दाखवल्यावर पुढे काय होतं, तेही सांगते, म्हणजे भीती जाईल. सिस्टर चार प्रश्न विचारते, केसपेपरवर लिहिते, राउंडच्या वेळी डॉक्टरांना सांगते. उत्तर तीनपैकी एक येतं. पहिलं, द्या, हरकत नाही. बऱ्याच पेशंटना साधं जिरेपाणी, पातळ पेज चालते. दुसरं, आत्ता नको, नंतर. उद्या ऑपरेशन असेल तर पोट रिकामं लागतं. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं, मग ते पेय कितीही गुणकारी असो. किडनीच्या पेशंटला दिवसभरात किती पाणी द्यायचं ते मोजून ठरलेलं असतं, त्याला साधी पेजही विचारूनच द्यावी लागते. तिसरं, हे देऊ नका. तेव्हा का देऊ नका हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

आणि कधी कधी सिस्टर घाईत असते, आवाज चढतो, हे मला माहीत आहे. चाळीस पेशंटमागे एक-दोन सिस्टर असल्या की तसं होतं. तरी बाटली पदराआड लपवू नका. ती घाईत असेल तर दहा मिनिटांनी परत जा. सासूबाईंना जमत नसेल तर सुनेने सांगावं. मराठी बोलायला अडचण असेल तर पावरी, भिलीत सांगा, वॉर्डात समजणारं कुणीतरी सापडतंच.

शेवटी तुमच्या गटासाठी एक काम. प्रत्येक गावात जडीबुटी जाणणारी एखादी म्हातारी किंवा भगत असतो. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना एवढंच सांगा की दवाखान्यात भरती असलेल्या किंवा टीबी, साखर, किडनीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसासाठी पाला मागायला कुणी आलं, तर पाल्यासोबत एक अख्खी फांदी बांधून द्या आणि म्हणा, ही आधी सिस्टरला दाखव. त्यांचा शब्द गावात चालतो. माझ्या भिंतीवरच्या पत्रापेक्षा तो लवकर पोचेल.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि कुणाच्या पिशवीत आत्ता बाटली असेल, तर तीही काढा, बघूया काय आहे.